कंप्रेसर तापतो, ओव्हरलोड कटतो

घरगुती स्प्लिट एसीच्या कंप्रेसरवर, टर्मिनलच्या काळ्या झाकणाखाली, रुपयाच्या नाण्याएवढी एक चकती बसवलेली असते. मेकॅनिक तिला नुसते ‘ओव्हरलोड’ म्हणतात. दोन वेगवेगळ्या धातूंच्या पत्र्यांची ही चकती किंचित वाकडी असते. ठरलेल्या तापमानाला ती टक् आवाज करून उलट्या बाजूला वाकते आणि कॉन्टॅक्ट उघडतो. कंप्रेसरच्या कॉमन टर्मिनलकडे जाणारी वायर या कॉन्टॅक्टमधूनच गेलेली असल्याने रनिंग आणि स्टार्टिंग या दोन्ही वायंडिंगचा पुरवठा एकाच वेळी तुटतो. चकती थंड झाली की पूर्ववत वाकते आणि कंप्रेसर पुन्हा चालू होतो. कोणाला बटण दाबावे लागत नाही. सोयीचे वाटणारे हे आपोआप जुळणे पुढे सगळ्या गोंधळाचे मूळ ठरते, कारण मालक एसी बंद करत नाही आणि कंप्रेसर दिवसभर तापत, कटत, जुळत राहतो.

चकतीला उष्णता दोन वाटांनी मिळते. एक वाट तिच्यातून वाहणाऱ्या करंटची, दुसरी ज्या डोमला ती टेकलेली असते त्या डोमची. करंट फार वाढला तर डोम गार असतानाही ती काही सेकंदांत उघडू शकते. डोम फार तापला तर करंट साधारण असतानाही उघडते. बहुतेक वेळा दोन्ही थोडे थोडे वाढलेले असतात. म्हणून ‘ओव्हरलोड पडतो’ एवढ्या तक्रारीवरून काहीच ठरत नाही. कोणती वाट किती तापली हे शोधणे हेच खरे काम.

तक्रार साधारण एकाच भाषेत येते: ‘वारा येतो, पण गार येत नाही, अर्ध्या तासाने आपोआप गार होतो, मग परत तेच.’ जिन्यावरून किंवा गॅलरीतून आऊटडोअर युनिटकडे पाहिले तर पंखा फिरत असतो आणि कंप्रेसर गप्प असतो. साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या एसीत ही खूण फार उपयोगी पडते. कंप्रेसर आणि आऊटडोअरचा पंखा यांना पुरवठा बहुधा एकाच रिलेमधून मिळतो, पण ओव्हरलोड फक्त कंप्रेसरच्या वाटेत असतो. दोघेही बंद असतील तर आधी रिले, सेन्सर किंवा रिमोटवरचे तापमान पाहावे. पंखा चालू आणि कंप्रेसर बंद असेल तर ओव्हरलोड, कपॅसिटर, वायर किंवा खुद्द कंप्रेसर. इन्व्हर्टर एसीत करंटवर आणि डिस्चार्ज पाइपच्या तापमानावर इलेक्ट्रॉनिक बोर्डाचे लक्ष असते आणि तो बहुधा एरर कोड दाखवून थांबतो. त्याची तपासणी वेगळ्या रीतीने होते. येथे विचार साध्या एसीचा आहे.

डोम गरम म्हणजे किती गरम, याबद्दल या धंद्यात बरेच गैरसमज आहेत. जुन्या विंडो एसीत आणि फ्रिजमध्ये असतो त्या पिस्टनच्या कंप्रेसरच्या डोममध्ये परत येणारा गार सक्शन गॅस भरलेला असतो. तो मोटरवरून वाहतो, तिची उष्णता घेतो आणि मग सिलिंडरमध्ये जातो. असा डोम फार तापला तर पहिला संशय कमी गॅसवर जातो, कारण मोटर गार ठेवणारा प्रवाहच आटलेला असतो. स्प्लिट एसीतला रोटरी कंप्रेसर याच्या उलट असतो. सक्शन गॅस बाजूच्या छोट्या टाकीतून सरळ सिलिंडरमध्ये शिरतो, दाबला जातो आणि मग डोममध्ये येतो. डोममध्ये डिस्चार्जचा, म्हणजे जास्त दाबाचा गरम गॅस असतो. त्यामुळे उन्हाळ्यात चांगल्या रोटरीचा डोमही ८० ते ९० अंश सेल्सिअसला असतो आणि हात लावणाऱ्याला चटका बसतोच. केवळ चटका बसला म्हणून दोष काढणारा माणूस दर उन्हाळ्यात निरोगी कंप्रेसर आजारी ठरवतो.

म्हणून जाणता मेकॅनिक हात लावत नाही, थर्मामीटर लावतो. तोही डोमपेक्षा डिस्चार्ज पाइपवर, कंप्रेसरपासून वीतभर अंतरावर, वर फोम गुंडाळून. तिथे १०५ अंशांच्या आसपास तापमान दिसले तर ती धोक्याची हद्द समजली जाते. आत व्हॉल्व्हपाशी गॅस याहून बराच जास्त तापलेला असतो आणि तिथेच तेल करपायला लागते. ओव्हरलोडची चकती कोणत्या तापमानाला उघडेल हे मॉडेलप्रमाणे बदलते, पण घरगुती एसीत ते साधारण शंभर अंशांच्या वर असते आणि पुन्हा जुळण्याचे तापमान त्याच्या बरेच खाली. जाड लोखंडी डोम, आतले तेल आणि तांब्याची मोटर एवढे सगळे निवायला वेळ लागतो. तापलेला कंप्रेसर अर्ध्या-पाऊण तासाने जुळतो तो यामुळे. वायंडिंगमध्येच ओव्हरलोड पुरलेला असेल तर तासाहून अधिक वेळ लागू शकतो.

या पुरलेल्या ओव्हरलोडमुळे कितीतरी चांगले कंप्रेसर भंगारात गेले आहेत. मेकॅनिक तक्रारीवर पोहोचतो तेव्हा कंप्रेसर नुकताच कटलेला आणि तापलेला असतो. मल्टिमीटर लावल्यावर कॉमन ते रनिंग उघडे, कॉमन ते स्टार्टिंगही उघडे. वायंडिंग जळाले, असे सांगून नव्या कंप्रेसरचा भाव दिला जातो. तिसरे माप, म्हणजे रनिंग ते स्टार्टिंग, घेतलेलेच नसते. तिथे काही ओहम दाखवत असतील तर दोन्ही वायंडिंग सलग आहेत आणि फक्त कॉमनच्या वाटेवरचा ओव्हरलोड उघडा आहे. एकाच वेळी दोन्ही वायंडिंग बरोबर कॉमनपाशीच तुटणे जवळपास घडत नाही. अशा वेळी मुख्य पुरवठा बंद करून डोम पुरता निवेपर्यंत थांबायचे आणि पुन्हा मोजायचे. घाई असेल तर डोमवर ओले फडके ठेवतात, पण टर्मिनलच्या झाकणावर पाणी ओघळणार नाही याची काळजी घेऊनच. उपनगरातल्या एका इमारतीत एकाच घरी दोघा मेकॅनिकनी ‘जळाला’ म्हणून सांगितलेला कंप्रेसर दुसऱ्या दिवशी सकाळी तिन्ही मापे व्यवस्थित दाखवत होता. दोष निघाला बाहेरच्या पंख्याच्या अडीच मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये. तो निम्मा उतरल्यामुळे पंखा फिरताना दिसत होता, पण हवा खेचत नव्हता.

तपासणीचा पहिला प्रश्न यंत्राला नाही, माणसाला विचारायचा असतो: चालू झाल्यावर किती वेळाने बंद पडतो? कंप्रेसर नुसता घूं करतो आणि दहा-पंधरा सेकंदांत टक् होऊन थांबतो, की वीस-तीस मिनिटे व्यवस्थित थंड करून मग कटतो? या एका उत्तराने कारणांची निम्मी यादी गळून पडते. सेकंदांत कटत असेल तर कंप्रेसर फिरायलाच लागलेला नाही. मिनिटांनी कटत असेल तर तो फिरतो आहे, पण आत साठणारी उष्णता बाहेर पडत नाही. त्यानंतर क्लॅम्प मीटर. नेमप्लेटवरचा अँपिअर आणि मोजलेला अँपिअर शेजारी लिहून काढले की उरलेली निम्मी यादीही लहान होते.

सेकंदांत कटणाऱ्या कंप्रेसरचा करंट क्षणभर पाहिला तर दीड टनाच्या एसीत तो ४० अँपिअरच्या घरात दिसतो. चालू असतानाच्या करंटच्या पाचसहा पट. रोटर जागच्या जागी अडकलेला असतो आणि सगळी वीज उष्णता होते. चारपाच वेळा असे झाले की डोमही तापतो आणि पाहणाऱ्याला वाटते, डोम तापल्यामुळेच ओव्हरलोड पडतो आहे. कारण आणि परिणाम इथे उलटे दिसतात.

न फिरण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे उतरलेला रनिंग कपॅसिटर. दीड टनाला तो बहुधा ३५ ते ५० मायक्रोफॅरडचा असतो. अंगावर लिहिलेल्या आकड्यापेक्षा पाच टक्क्यांनी कमी-जास्त चालतो. ४५ चा कपॅसिटर ३० वर आला की कंप्रेसर सकाळी कसाबसा उठतो, पण दुपारी दाब वाढल्यावर उठत नाही. वर फुगलेला कपॅसिटर डोळ्यांनी कळतो. न फुगलेला मीटरवरच कळतो, आणि तोही रेझिस्टरमधून डिस्चार्ज केल्यानंतर. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढण्याची सवय धंद्यात आहे. तिने कपॅसिटरही खराब होतो आणि कधी माणसाचे डोळेही.

दुसरे कारण व्होल्टेज. एसी २३० व्होल्टवर चालण्यासाठी बनवलेला असतो. मोटरचे सुरुवातीचे बळ व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे १८० व्होल्टवर ते साधारण साठ टक्केच उरते. मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या फीडरच्या टोकावरच्या गावांत संध्याकाळी, सगळ्यांचे पंप, पंखे आणि कूलर चालू असताना, एसी उठत नाही आणि रात्री अकरानंतर आपोआप उठतो, तो याच हिशेबाने. मात्र व्होल्टेज मोजायचे ते कंप्रेसर उठण्याचा प्रयत्न करत असतानाच, आऊटडोअरच्या टर्मिनलवर. रिकाम्या सॉकेटवरचा आकडा काही सांगत नाही. घरातल्या बोर्डवर २२५ आणि गच्चीवरच्या युनिटवर उठताना १८५ असे दिसले, तर दोष वीज कंपनीचा नाही, गच्चीपर्यंत ओढलेल्या बारीक वायरीचा किंवा मधल्या सैल जोडाचा आहे.

तिसरे कारण घाई. कंप्रेसर थांबल्यावर कॅपिलरीतून दोन्ही बाजूंचे दाब समान व्हायला साधारण तीन मिनिटे लागतात. त्याआधी पुरवठा आला तर कंप्रेसर मागच्या दाबाविरुद्ध उठू शकत नाही. वीज जाऊन लगेच आली, कोणी मेन स्विच बंद करून लगेच चालू केला किंवा टायमर नसलेला स्टॅबिलायझर खटखट करत राहिला, की हेच होते. कपॅसिटर चांगला, व्होल्टेज चांगले, दाब समान, तरीही फक्त घूं होत असेल, तेव्हाच कंप्रेसर आतून जाम झाल्याचे म्हणता येते. पुष्कळ ठिकाणी हे निदान सर्वांत आधी केले जाते.

आता मिनिटांनी कटणारा कंप्रेसर. इथे अँपिअर पुन्हा दोन वाटा करतो. डोम अतिशय गरम आणि अँपिअर नेमप्लेटपेक्षा जास्त, ही एक. डोम अतिशय गरम आणि अँपिअर कमी, ही दुसरी. दुसरी वाट अधिक फसवी आहे.

कोकणात समुद्राजवळच्या एका बंगल्यातला दीड टनाचा, आर-२२ गॅसचा एसी तिचा नमुना म्हणून सांगण्यासारखा आहे. नेमप्लेटवर पावणेआठ अँपिअर, मोजलेले पाच. तरीही अर्ध्या तासाने ओव्हरलोड पडे. करंट एवढा कमी असताना पडतो म्हणजे ओव्हरलोडच कमजोर, असे ठरवून तो बदलण्यात आला होता. नवाही पडला. आऊटडोअरच्या बारीक पाइपवर, व्हॉल्व्हपाशी, बर्फाचा पांढरा थर होता आणि इनडोअर कॉइलच्या फक्त पहिल्या काही नळ्या बर्फाने भरलेल्या होत्या. बाकीची कॉइल कोरडी आणि कोमट. सक्शनचा दाब ४० पीएसआय, म्हणजे आर-२२ साठी शून्याखाली आठ अंशांवर उकळणारा गॅस. व्यवस्थित चालणाऱ्या एसीत तो ६५ ते ७० च्या आसपास असतो.

गॅस कमी झाला की कंप्रेसरला दाबण्यासाठी थोडाच गॅस मिळतो, म्हणून काम कमी आणि करंट कमी. पण परत येणारा हा थोडा गॅस वाटेतच पुरता तापलेला असतो. सक्शन आणि डिस्चार्ज यांच्या दाबांतले गुणोत्तर वाढलेले असल्यामुळे तो दाबताना नेहमीपेक्षा जास्त तापतो. उष्णता वाहून बाहेर नेणारा प्रवाहही आटलेला असतो. काम कमी, पण निचरा त्याहून कमी, असा हा हिशेब आहे. करंट बघणाऱ्याला सारे ठीक दिसते आणि डोम मात्र शंभरी ओलांडतो. त्या बंगल्यात गळती सापडली ती इनडोअरच्या मागे, फ्लेअर नटच्या गळ्यापाशी, खाऱ्या हवेने हिरवट झालेल्या तांब्यात. साबणाच्या फेसाने ती लगेच दिसली. फ्लेअर कापून नवी केली, व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा-ओल काढली आणि नेमप्लेटवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर तोलून भरला, तेव्हा अँपिअर वाढून साडेसातच्या जवळ गेला आणि डोम निवला. करंट वाढल्यावर कंप्रेसर गार होतो, हे घरमालकाला सहज पटत नाही.

अशीच लक्षणे चोंदलेल्या कॅपिलरीत किंवा ड्रायरमध्येही दिसतात आणि तिथे गॅस भरणे हा उलटा उपाय ठरतो. फरक कळतो तो थोडा गॅस सोडल्यावर. गॅस खरोखर कमी असेल तर सक्शनचा दाब वर येत राहतो आणि बर्फ इनडोअर कॉइलभर पसरून मग वितळतो. चोंदलेले असेल तर सक्शन जागचा हलत नाही, भरलेला गॅस कंडेन्सरमध्येच साचतो आणि ड्रायरच्या दोन टोकांना हात लावल्यास एक टोक कोमट, दुसरे गार लागते. इतके दिसूनही सिलिंडर उलटा करून गॅस ढकलत राहणारे पुढे जास्त अँपिअरची तक्रार स्वतःच तयार करतात.

जास्त अँपिअर आणि गरम डोम या वाटेवर जवळजवळ नेहमी डिस्चार्जचा दाब वाढलेला असतो आणि तो वाढण्याचे मूळ बहुधा कंडेन्सरच्या हवेत असते. अडचण अशी की घरगुती स्प्लिट एसीला सहसा एकच सर्व्हिस पोर्ट असतो, सक्शनकडचा. डिस्चार्जचा दाब गेजवर थेट दिसत नाही. अनुभवी माणूस तो तापमानावरून काढतो. कंडेन्सरच्या मधल्या वळणावर गॅसचे द्रवात रूपांतर होत असते. तिथे लावलेल्या थर्मामीटरचे तापमान आणि गॅसच्या तक्त्यातला दाब यांची सांगड घातली की डिस्चार्जचा अंदाज मिळतो. चांगल्या कंडेन्सरमध्ये हे तापमान आत शिरणाऱ्या हवेपेक्षा साधारण १२ ते १७ अंशांनी जास्त असते. त्याहून फार जास्त असेल तर कॉइल मळलेली, पंखा मंद, गॅस जास्त किंवा गॅसमध्ये हवा मिसळलेली. फरक ठीक असूनही कंप्रेसर कटत असेल तर आत शिरणारी हवाच गरम आहे.

गॅसमध्ये मिसळलेली हवा ओळखण्याची एक जुनी, बिनखर्चाची रीत आहे. व्हॅक्यूम पंप न लावता, गॅसनेच हवा ढकलून बसवलेल्या एसीत ती विशेष उपयोगी पडते. एसी काही तास पूर्ण बंद ठेवायचा, सगळी पाइप आणि कॉइल सभोवतालच्या तापमानाला येऊ द्यायची आणि मग उभा दाब पाहायचा. शुद्ध आर-२२ असेल तर ३० अंशांना १५८ आणि ३५ अंशांना १८२ पीएसआयच्या आसपास काटा थांबतो. तो वीस-पंचवीसने वर थांबला तर आत हवा आहे. ही हवा कंडेन्सरमध्ये अडकून बसते आणि द्रव होत नाही, म्हणून चालू असताना डिस्चार्जचा दाब कायम चढा राहतो. उपाय एकच. सगळा गॅस रिकव्हरी सिलिंडरमध्ये काढायचा, व्हॅक्यूम करायचा आणि नव्याने तोलून भरायचा. थोडा गॅस सोडून देऊन हवा निघून जाईल ही आशा बहुधा फोल ठरते.

हवेच्या वाटेचे सर्वांत बोलके उदाहरण नागपूरच्या एका दवाखान्यातले आहे. पहिल्या मजल्यावरचा दीड टनाचा साधा एसी, आर-२२, रोटरी कंप्रेसर, ओव्हरलोड डोमवर बाहेरून बसवलेला. एप्रिल संपता संपता तक्रार सुरू झाली. सकाळी अकरापर्यंत उत्तम, दुपारी दोननंतर वीस मिनिटे चालून बंद, पाऊण तासाने चालू आणि मग दहाच मिनिटांत पुन्हा बंद. त्याआधी कपॅसिटर बदलला होता, ओव्हरलोड बदलला होता आणि थंडावा कमी म्हणून गॅसही वाढवला होता. या तिन्ही दुरुस्त्या सकाळी झाल्या होत्या आणि प्रत्येक वेळी एसी चांगला चालताना दिसला होता.

दुपारी अडीच वाजता घेतलेली मापे वेगळेच सांगत होती. चालू असताना आऊटडोअरच्या टर्मिनलवर २१४ व्होल्ट, म्हणजे वीज कामचलाऊ. कपॅसिटर नवा आणि बरोबर मापाचा. नेमप्लेटवर ७.८ अँपिअर, क्लॅम्प मीटरवर १०.४ आणि तो हळूहळू वाढत होता. सक्शन ८२ पीएसआय. कंडेन्सरच्या मधल्या वळणावर ६८ अंश, म्हणजे आर-२२ साठी सुमारे ४०० पीएसआय. बाहेर सावलीत हवा ४३ अंश होती. ६८ आणि ४३ यांतला पंचवीस अंशांचा फरक पाहून कोणीही म्हणेल, कॉइल मळली आहे. पण कॉइलच्या मागच्या बाजूला, जिथून हवा आत शिरते तिथे, थर्मामीटर धरल्यावर आकडा आला ५१. बाहेरच्या हवेपेक्षा आठ अंश जास्त.

युनिट गॅलरीच्या कोनाड्यात होते. मार्च महिन्यात ऊन आणि धूळ अडवण्यासाठी समोर अॅक्रिलिकचा पत्रा लावला होता. पंख्याने पुढे फेकलेली गरम हवा त्या पत्र्यावर आपटून बाजूने मागे फिरत होती आणि पुन्हा कॉइलमध्ये शिरत होती. दिवस जसा तापे तसे हे चक्र वाढे. भारतीय मानकानुसार एसीची क्षमता मोजतात ती बाहेर ३५ अंश आणि खोलीत २७ अंश धरून. नागपूरच्या दुपारी बाहेर ४३ असताना यंत्र आधीच त्याच्या कागदोपत्री कामापेक्षा बरेच जास्त ओढत असते. त्यात स्वतःचीच फुंकलेली हवा परत गिळू लागले की फारशी गुंजाइश उरत नाही.

आधी पत्रा काढला. दहा मिनिटांत मागची हवा ४५ वर आली, मधले वळण ६३ वर आणि करंट ९.३ वर. फरक अजून अठरा अंशांचा होता, म्हणजे कॉइलचाही वाटा होता. पुढून कॉइल चकचकीत दिसत होती. वरचे झाकण काढून आतून पाहिल्यावर खालच्या अर्ध्या भागात कबुतराची पिसे आणि धुळीची जाड गादी निघाली. कंडेन्सर नेहमी आतून बाहेर, हवेच्या उलट दिशेने, कमी जोराच्या पाण्याने धुवायचा असतो. बाहेरून जोरात पाणी मारले तर मळ आत दाबला जातो आणि पातळ फिन वाकून वाट बंद होते. धुऊन वाळल्यावर वळण ६० वर आले. तरी सक्शन पाइपला कंप्रेसरपर्यंत भरपूर पाणी सुटत होते आणि छोट्या टाकीवरही ओल होती. सकाळी वाढवलेला गॅस तो हाच. तो रिकव्हर करून नेमप्लेटच्या वजनाइतका भरल्यावर सक्शन ७२ वर, वळण ५८ वर आणि करंट ८.२ वर स्थिरावला. डिस्चार्जचा हिशेब आता सुमारे ३२० पीएसआय होता. आकडा नेमप्लेटपेक्षा थोडा वर आहे, पण ४३ अंशांच्या दुपारी तो तसाच असतो. नेमप्लेट ३५ अंशांची आहे.

तिन्ही कारणांपैकी कोणतेही एकटे असते तर कदाचित ओव्हरलोड पडला नसता. तिन्ही एकत्र आली, आणि त्यांतले जादा गॅसचे कारण तर आधीच्या दुरुस्तीनेच घातलेले होते. या तक्रारीत हे वारंवार दिसते. थंडावा कमी दिसला की गॅस वाढवण्याची सवय मूळ दोषावर नवा दोष चढवते आणि पुढच्या मेकॅनिकला दोन्ही उलगडावे लागतात.

खुद्द ओव्हरलोड खराब निघतो का? निघतो, पण क्वचित. शेकडो वेळा ठिणगी पाडत उघडलेल्या कॉन्टॅक्टची धार जाते, चकती थकते आणि ती ठरलेल्या तापमानाच्या आधीच उघडायला लागते. तसे असेल तर डोमचे तापमान आणि करंट दोन्ही व्यवस्थित असताना ती पडते. ही दोन मापे हातात नसताना ओव्हरलोड बदलणे म्हणजे नुसता अंदाज. कधी दोष त्याच्या शेजारी असतो. कॉमन टर्मिनलचा सैल लग तापतो, ती उष्णता पातळ पट्टीतून चकतीकडे जाते आणि डोम गार असतानाही ओव्हरलोड कटतो. लगचे निळसर काळे पडलेले तोंड आणि वितळलेले इन्शुलेशन ही त्याची खूण. नुसते घट्ट करून भागत नाही. लग आणि जळलेली वायर कापून नवी घालावी लागते.

बदलायचा असेल तर ओव्हरलोड त्याच क्रमांकाचा हवा. जवळपासच्या अँपिअरचा, मोठा, ‘लवकर न पडणारा’ बसवला तर पडणे थांबते आणि वायंडिंग तापत राहते. त्याहून वाईट प्रकार म्हणजे ओव्हरलोड काढून वायर डायरेक्ट जोडणे. उन्हाळ्यात गर्दीच्या दिवसांत, ‘उद्या येऊन बदलतो’ म्हणून, हे सर्रास केले जाते. उद्या येईपर्यंत वायंडिंगवरचे वार्निश करपते, तेलात आम्ल तयार होते आणि कंप्रेसर जमिनीला शॉर्ट होतो. मग केवळ कंप्रेसर बदलून चालत नाही, कारण ते आम्ल पाइपांत आणि कॉइलमध्ये उरलेले असते. पाइप फ्लश करून नवा ड्रायर घातला नाही तर नवा कंप्रेसरही काही महिन्यांत त्याच वाटेने जातो. शॉर्ट झालेल्या कंप्रेसरला पुन्हा पुन्हा पुरवठा देऊन पाहणे तर जिवावर बेतू शकते. टर्मिनलची काच फुटून गरम तेल आणि गॅस समोरच्या माणसावर उडतो. आर-३२ सारखा ज्वालाग्राही गॅस असेल तर त्याला आगही लागू शकते. म्हणून शंका असेल तेव्हा टर्मिनलचे झाकण लावूनच पुरवठा द्यायचा असतो आणि त्याआधी मेगरने डोम आणि टर्मिनल यांच्यातले इन्शुलेशन पाहायचे असते.

नागपूरच्या त्या दवाखान्यात काम संपल्यावर युनिट कोनाड्यातून पुढे काढून उघड्या भिंतीवर ब्रॅकेटवर बसवले. ऊन अडवण्यासाठी वर तिरपा पत्रा लावला, पण समोर आणि बाजूला काही नाही. मागे भिंतीपासून वीतभराहून जास्त जागा सोडली. चाचणीसाठी पुढच्या दिवशीचे दुपारचे दोन ते चार ठरवले, खिडक्या बंद, सगळे पंखे चालू, रुग्णांची नेहमीची गर्दी. दर वीस मिनिटांनी अँपिअर आणि वळणाचे तापमान वहीत लिहिले. दोन तासांत करंट ८.१ ते ८.४ च्या मध्येच राहिला आणि कंप्रेसर थांबला तो फक्त थर्मोस्टॅटने थांबवला तेव्हा.